टेलरच्या दुकानाला सोशल मीडियासाठी ईमेल: दोन मसुद्यांपैकी कोणता पाठवावा?

आमच्या गल्लीतली एक मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोटो चांगले काढते, रील बनवायची हौस आहे, आणि हातखर्चापुरते पैसे स्वतः मिळवावेत असं तिला वाटतं. सोलापूरच्या नवी पेठेजवळ एक जुनं लेडीज टेलरचं दुकान आहे. त्यांच्या पाटीवर ईमेल लिहिलेला आहे. ओळख ना पाळख, पण त्या पत्त्यावर मेल टाकून ‘तुमचं सोशल मीडिया मी सांभाळते’ असं कळवायचं तिच्या मनात आहे. तिने दोन मसुदे केले आणि मला पाठवले. “ताई, कुठला पाठवू?”

मला विचारण्याचं कारण एवढंच, की आमच्या घरातही शिलाईचं दुकान आहे आणि दुकानाचा ईमेल माझ्या फोनवर उघडतो. असले मेल मी घेणाऱ्याच्या बाजूने वाचत आले आहे. तिच्यासारखे आणखी कितीतरी जण सध्या याच पेचात असतील, म्हणून दोन्ही मसुदे इथे देते.

पहिला मसुदा मुळात इंग्रजीत होता. त्याचा मजकूर असा:

विषय: सोशल मीडिया मॅनेजमेंटसाठी सहकार्याचा प्रस्ताव

*आदरणीय सर/मॅडम,*

*आजच्या डिजिटल युगात प्रत्येक व्यवसायाला ऑनलाइन असणे अत्यावश्यक झाले आहे. आपल्या दुकानाची ऑनलाइन उपस्थिती सध्या कमकुवत आहे. मी आपले इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि गूगल पूर्णपणे सांभाळेन. रोज एक पोस्ट, आठवड्याला तीन रील, सहा महिन्यांत १०,००० फॉलोअर्स आणि १०० फाइव्ह स्टार रिव्ह्यू मिळवून देईन. मानधन दरमहा ६,००० रुपये, पहिले तीन महिने आगाऊ. काम सुरू करण्यासाठी कृपया लॉगिन आयडी व पासवर्ड पाठवावेत. माहितीसाठी १४ पानांची पीडीएफ जोडली आहे.*

दुसरा तिने मराठीत लिहिला होता:

विषय: गूगलवर तुमचं दुकान रविवारी उघडं दाखवतंय

*नमस्कार,*

*मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जुळे सोलापूरला राहते. गेल्या आठवड्यात दुकानावरून जाताना दर्शनी अडकवलेला इरकलीचा ब्लाउज पाहिला. दोन्ही बाह्यांवर काठ अगदी बरोबरीने बसवला होता. गूगलवर मात्र दुकानाचा फक्त पाटीचा फोटो आहे, आणि रविवारी दुकान उघडं दाखवतात. पाटीवर रविवार बंद लिहिलंय.*

*एक महिना मी एवढंच काम करून देईन: गूगलवरची वेळ आणि फोन नंबर नीट करणं, दर मंगळवारी दुपारी येऊन तयार ब्लाउजचे आठ फोटो काढणं, तुम्ही निवडाल ते गूगलवर टाकणं आणि स्टेटसला ठेवायला तुमच्या फोनवर पाठवणं. गिऱ्हाइकाचा चेहरा, नाव, माप कुठेही येणार नाही. मला पासवर्ड किंवा ओटीपी लागणार नाही.*

*महिन्याचे १,५०० रुपये, तेही महिना संपल्यावर. पहिल्या आठवड्यात काम पटलं नाही तर थांबवा, काही देऊ नका.*

*मंगळवारी दुपारी ३ वाजता येऊन पाच मिनिटं दाखवू का? नुसतं ‘हो’ कळवलं तरी चालेल.*

खाली नाव, कॉलेज आणि फोन नंबर.

दुसरा पाठव, हे मी तिला लगेच सांगितलं. पण तो आहे तसा पाठवू नये, आणि काही दुकानांना पहिलाच बरा पडतो. ते पुढे येईलच.

मेल उघडतं कोण

शिलाईच्या दुकानाला ईमेल असतो तो बहुतेकदा शाळेच्या किंवा ऑफिसच्या युनिफॉर्मचं कोटेशन पाठवायला, बिलांसाठी, नाहीतर फोन घेताना कुणीतरी उघडून दिला म्हणून. सोलापुरात युनिफॉर्म शिवण्याचा धंदा मोठा असल्याने लहान दुकानांच्या पाटीवरही ईमेल दिसतो. पण कात्री हातात धरणारे मास्टर तो उघडत नाहीत. उघडतो मुलगा, सून, मुलगी, कधी हिशेब लिहिणारा माणूस. म्हणजे मेल वाचणारा एक आणि ठरवणारा दुसरा.

त्यामुळे कसोटी सोपी आहे: वाचणाऱ्याला तो मेल रात्री जेवताना वडिलांना दोन वाक्यांत सांगता येतो का? दुसरा येतो. “एक मुलगी म्हणतेय, गूगलवर आपला रविवार चुकलाय. मंगळवारी येऊन फोटो काढू का विचारतेय.” पहिल्याचं काय सांगणार? ‘कुणीतरी सोशल मीडियाचं विचारतंय’ म्हटलं की वडील विचारणार, किती पैसे? सहा हजार. विषय तिथेच संपतो, १४ पानांची पीडीएफ कुणी उघडतही नाही.

विषयाची ओळही इथेच कामाला येते. फोनवर विषयाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ‘सहकार्याचा प्रस्ताव’ म्हटलं की तो कर्ज देणाऱ्यांच्या आणि वेबसाइट बनवून देणाऱ्यांच्या मेलांच्या रांगेत जाऊन बसतो. ‘रविवारी उघडं दाखवतंय’ म्हटल्यावर माणूस निदान खरं आहे का ते बघायला तरी उघडतो. अट एकच, ती चूक खरोखर असली पाहिजे. मेल पाठवायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा गूगल मॅपवर बघावं, कारण मधल्या काळात कुणीतरी दुरुस्त केली असली तर पहिल्याच ओळीत तोंडघशी पडायला होतं.

पहिल्या मसुद्यातलं ‘उपस्थिती कमकुवत आहे’ हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. तीस-तीस वर्षं पेठेत दुकान चालवणाऱ्या माणसाला, ज्याच्याकडे सासूने शिवलं आणि आता सून शिवते, त्याला अनोळखी मुलीने कमकुवत म्हणायचं! दुसऱ्यात तीच गोष्ट आहे, पण शेरा न मारता सांगितली आहे: पाटीचा एकच फोटो आहे. आणि त्याच्या आधी काठाचं वाक्य आहे. ते खोटं कौतुक नाही. काठपदराच्या साडीचा ब्लाउज शिवताना दोन्ही बाह्यांवरचा काठ एका उंचीला आणि नक्षी एका जागी आणायला कापड बेतताना डोकं लागतं. काठ कमी असला तर जोड कुठे लपवायचा हे ठरवावं लागतं. मास्टरला कळतं की हिने नीट पाहिलंय. दर्शनी काही अडकवलेलंच नसेल तर हे वाक्य सरळ गाळावं. न पाहिलेल्याचं कौतुक लगेच पकडलं जातं.

गिऱ्हाइकं कमी नाहीत, हात कमी आहेत

खरा फरक इथे आहे, आणि कॉलेजातल्या मुलांच्या ध्यानात तो येत नाही. पहिला मसुदा धरून चालतो की दुकानाला गिऱ्हाइकं हवी आहेत. चालत्या दुकानाची अडचण वर्षातले निदान सहा महिने उलटी असते. नवरात्राच्या आधीच दाराला ‘दिवाळीच्या ऑर्डर बंद’ अशी पाटी लागते. तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे ब्लाउज येतात. जेन्ट्स टेलरकडे जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी बाराबंदी शिवून घ्यायला रांग लागते. एप्रिल-मे पुन्हा लग्नं, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म. या काळात कारागीर मिळत नाहीत, आणि जे आहेत ते रात्री उशिरापर्यंत बसलेले असतात. तिथे आणखी पन्नास बायका रील बघून आल्या तर मास्टरला आनंद होणार नाही. तारखा चुकतील, फिटिंग बिघडेल आणि जुनं गिऱ्हाईक तुटेल.

रिकामे आठवडेही असतातच. आषाढात लग्नं नसतात, युनिफॉर्मची गर्दी ओसरलेली असते, मशीन थंड पडतात. कारागिराला नगावर पैसे मिळत असतील तर काम नाही म्हणून तो दुसरीकडे जातो आणि नवरात्रात परत येईलच याचा भरवसा नसतो. दुकानाला मदत हवी असते ती इथे. श्रावणातल्या मंगळागौरीसाठी शिवलेली नऊवारी, राखीपौर्णिमेचे ड्रेस, जुन्या ब्लाउजचं अल्टर, फॉल-पिको, अशी कामं आषाढात आली तर कारागीर टिकतो. दुसऱ्या मसुद्यात हे लिहिलेलं नाही, पण त्याचा आकार एवढा लहान आहे की त्याला या कामात वळवता येतं. पहिल्यात बाराही महिने रोज एक पोस्ट आहे. तीच पोस्ट आषाढात हवी असते आणि आश्विनात नको असते, हे त्याला ठाऊकच नाही.

त्यात तिची स्वतःची अडचणही आहे. सत्र परीक्षा साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि मग उन्हाळ्यात येतात, म्हणजे नेमक्या दुकानाच्या घाईत. रोजच्या पोस्टचा शब्द त्या वेळी पाळला जाणार नाही. दुसऱ्यात आठवड्याची एक दुपार आहे. परीक्षेच्या आठवड्यात ती सांगून चुकवता येते.

६,००० आणि १,५०० मधला हिशेब

दर दुकानागणिक वेगळे असतात, म्हणून हे आकडे हिशेबापुरते धरा. समजा अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ३५० रुपये आहे. त्यातले १५० कारागिराला गेले, आणि हुक, दोरा, वीज, भाडं यांचे मिळून ५० धरले. उरले १५०. महिना ६,००० द्यायचे तर नुसते तिचे पैसे निघायला दर महिन्याला ४० ब्लाउज जास्तीचे यायला हवेत, आणि ते तिच्यामुळेच आले हे दिसायलाही हवं. एक कारागीर दिवसाला चार-पाच ब्लाउज शिवतो असं धरलं तर हे एका माणसाचं आठ ते दहा दिवसांचं काम झालं. तो माणूस कुठून आणायचा?

१,५०० साठी दहा ब्लाउज पुरतात. आठवड्याला दोन-तीन. आषाढात एवढे येणं शक्य कोटीतलं आहे, आणि आले का नाही हे मोजताही येतं. माप लिहायच्या वहीत नव्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे ‘कुठून कळलं’ एवढं विचारून ‘गूगल’ किंवा ‘स्टेटस’ लिहायचं. गूगलच्या प्रोफाइलमध्ये किती जणांनी फोनचं बटण दाबलं आणि किती जणांनी रस्ता विचारला याचे आकडे मालकाला फुकट दिसतात. महिन्याच्या शेवटी वही आणि हे आकडे समोर ठेवले की बोलणं दोन मिनिटांत होतं.

तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागणं तर अनोळखी माणसाने करूच नये. शिलाईच्या धंद्यात गिऱ्हाईकसुद्धा कपडा हातात आल्यावर उरलेले पैसे देतं. दुसऱ्या मसुद्याची अट त्या रिवाजाला धरून आहे, म्हणून ती वडिलांना समजवावी लागत नाही. उलटी चूकही मुलं करतात, ‘पहिला महिना फुकट’ म्हणतात. माझ्या मते ते टाळावं. फुकटच्या कामाला दुकानात कुणी वेळ देत नाही. तुम्ही फोटो काढायला आलात तर “उद्या ये” ऐकायला मिळतं, आणि पुढच्या महिन्यात पैसे मागायची लाज वाटते.

दहा हजार फॉलोअर्सचं करायचं काय

माप द्यायला यावं लागतं. ट्रायलला यावं लागतं. बाही सैल झाली तर पुन्हा यावं लागतं. त्यामुळे या धंद्याचं गिऱ्हाईक रिक्षाने येण्याइतक्या अंतरावर असतं, फार तर बार्शी किंवा अक्कलकोटहून लग्नाच्या खरेदीला आलेलं. नागपूरच्या फॉलोअरने रीलला बदाम दिला म्हणून गल्ल्यात काही पडत नाही. आणि रील गाजवायची घाई झाली की मुलं इंटरनेटवरून दुसऱ्याच बुटीकचे ब्लाउज उचलून लावतात. मग गिऱ्हाईक तोच फोटो घेऊन येतं, “हाच गळा हवा” म्हणतं, आणि मास्टरने आयुष्यात ते आरी वर्क केलेलं नसतं. दुसऱ्याचा फोटो वापरणं गैर आहे हे तर झालंच, वर हे गिऱ्हाईक नाराज होऊन जातं ते वेगळंच.

त्यामानाने व्हॉट्सअॅपचं स्टेटस साधं दिसतं, पण टेलरसाठी ते फार कामाचं आहे. स्टेटस दिसायला दोघांनी एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो. एरवी ही अट जाचक वाटेल, पण टेलरच्या बाबतीत ती आधीच पुरी झालेली असते. “माझा ब्लाउज झाला का हो?” असं विचारायला प्रत्येक बाईने त्याचा नंबर ठेवलेला असतो, आणि त्याच्या फोनमध्ये ‘पिकोवाल्या काकू’, ‘साखर पेठ मॅडम’ अशी शेकडो नावं असतात. तिथे चोवीस तास राहणारा एक नऊवारीचा फोटो नेमक्या माणसांसमोर जातो. दुसऱ्या मसुद्याने हा रस्ता धरला आहे आणि इन्स्टाग्रामचं नावही काढलेलं नाही. ते बरोबर आहे.

शंभर फाइव्ह स्टार रिव्ह्यूंचं वचन मात्र धोक्याचं आहे. ते एकतर मैत्रिणींकडून लिहून घ्यावे लागतील, नाहीतर काहीतरी देऊन. दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि असे रिव्ह्यू गूगल काढून टाकू शकतं. कपडा घेऊन जाणाऱ्या बाईला “जमलं तर गूगलवर दोन ओळी लिहा” एवढं मास्टरने म्हणावं.

चावी कुणाच्या हातात

‘लॉगिन आयडी व पासवर्ड पाठवावेत’ या एका ओळीपायी पहिला मसुदा माझ्याकडून तरी कचऱ्यात गेला असता. ओटीपी सांगून पैसे गेल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात पोचल्या आहेत. आणि एका ब्लाउज शिवणाऱ्याच्या फोनमध्ये बायकांचे नंबर, त्यांनी पाठवलेले स्वतःचे फोटो, मापं, पत्ते असं सगळं असतं. ते बाहेर जाणं ही साधी गोष्ट नाही.

गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलला पासवर्ड न देता माणूस जोडता येतो. मालक स्वतःच्या खात्यातून तिचा ईमेल टाकतो आणि ‘मॅनेजर’ म्हणून नेमतो. मॅनेजरला वेळ बदलता येते, फोटो टाकता येतात. दुसऱ्यांना जोडता किंवा काढता येत नाही, प्रोफाइल मिटवता येत नाही. नको झाली की मालक तिला एका मिनिटात काढू शकतो. व्हॉट्सअॅपच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. लिंक केलेलं उपकरण म्हणून तिने स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप जोडूच नये, दुकानदार हो म्हणाला तरी. फोटो त्यांच्या फोनवर पाठवावा, स्टेटसला ठेवण्याचं काम दुकानदाराच्या घरातल्याच कुणीतरी करावं.

आमच्या दुकानात आधी एकाने उत्साहाने पान उघडून दिलं होतं, स्वतःच्याच नंबरवर. नोकरी लागल्यावर तो पुण्याला गेला. त्या पानावर आजही जुना पत्ता आहे आणि आम्हाला तो थेट बदलता येत नाही. म्हणून नवं काहीही उघडायचं झालं तर ते दुकानाच्याच नंबरवर आणि दुकानाच्याच ईमेलवर उघडायचं, हे मी तिला मेलमध्ये एका वाक्यात लिहायला लावलं.

फोटोंचं कलम तिने चांगलं लिहिलंय, पण ते पाळायचं कसं हेही ठरलेलं हवं. ब्लाउज हँगरवर किंवा पुतळ्यावर, दाराजवळच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली जरीची चमक मेलेली दिसते आणि मोरपिशी रंग निळा येतो. सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात पांढरा चट्टा पडतो, तेव्हा दार अर्धं लोटून सावलीतला उजेड घ्यावा. एक फोटो मागच्या गळ्याचा, पायपिंग आणि लटकन दिसेल असा. एक बाहीच्या काठाचा, दोन्ही बाह्या शेजारी ठेवून. एक आत उलटून, अस्तर आणि इंटरलॉक दिसेल असा. हा तिसरा कुणी टाकत नाही. शिवणं कळणारी बाई मात्र नेमकं तेच बघते. पिशवीवरची नावाची चिठ्ठी फोटोत आली नाही ना, ते काढताना बघायचं. आणि ब्लाउज शिवला दुकानाने असला तरी आहे गिऱ्हाइकाचा. लग्नाचा असेल तर लग्न होईपर्यंत फोटो लावू नये. नवरीचा ब्लाउज आधी स्टेटसला झळकला तर जे बोलणं खावं लागतं ते दुकानात बसणाऱ्यालाच ठाऊक.

दुसऱ्या मसुद्यात बदलायचं ते

पहिली गोष्ट, प्रोफाइल कुणाच्या ताब्यात आहे हे तिने पाहिलंच नव्हतं. गूगल मॅपवर दुकानाच्या नावाखाली ‘या व्यवसायावर दावा करा’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर ते पान अजून कुणी ताब्यात घेतलेलं नाही. मग आधी मालकाने ते घ्यायचं, आणि गूगल खात्री करून मागतं. हल्ली पुष्कळदा त्यासाठी व्हिडिओ काढावा लागतो: रस्ता, पाटी, आतली मशीन, कुलूप उघडणारा हात. त्याची तपासणी व्हायला काही दिवस जातात. म्हणजे ‘पहिल्या आठवड्यात काम पटलं नाही तर थांबवा’ या अटीत गूगलवर दाखवण्यासारखं कदाचित काहीच नसेल. पहिला आठवडा स्टेटसच्या फोटोंवर ठेवावा, गूगल दुसऱ्या आठवड्यापासून. मेलमध्ये ही एवढी माहिती नको. ‘पहिल्या आठवड्यात फोटो, गूगलचं काम पुढे’ एवढं पुरे.

दुसरी, ‘आठ फोटो’ आहेत पण कोणत्या कामाचे ते दुकानाने ठरवायचं, हे म्हटलेलं नाही. तिथे एक प्रश्न घातला: ‘सध्या कोणत्या कामाला हात रिकामे आहेत? तेच दाखवू.’ या ओळीने मेलचा सूर बदलतो. आता ती गिऱ्हाइकं आणून देणारी राहत नाही, दुकानाच्या सोयीने काम दाखवणारी होते.

तिसरी, वेळ. मंगळवारची दुपार ठीक आहे, पण मेल नवरात्राच्या तोंडावर पाठवला तर उत्तर येणार नाही आणि पाच मिनिटंही मिळणार नाहीत. जूनची गर्दी ओसरल्यावर, आषाढ लागता लागता पाठवावा. म्हणजे मंगळागौरीच्या नऊवारीला हातात तीन-चार आठवडे राहतात.

भाषा मराठीच ठेवली. आपल्याकडे दुकानदाराच्या घरात तेलुगू, कन्नड किंवा हिंदी बोलत असतील, तरी गिऱ्हाइकाशी मराठी चालतेच. तिला तेलुगू येते. समोरून अण्णा तेलुगूत बोलले तर तिने तेलुगूत बोलावं, पण नुसत्या आडनावावरून अंदाज बांधून मेलची भाषा ठरवू नये.

पहिला कधी चालतो

पहिल्या मसुद्याचा सगळा आराखडा टाकाऊ नाही. ज्या बुटीकमध्ये तयार ब्लाउज साइझप्रमाणे विकायला ठेवलेले असतात, कुरिअरने माल जातो, आरी वर्कच्या ऑर्डर दुसऱ्या शहरांतून येतात, तिथे इन्स्टाग्राम हेच दुकान असतं आणि आठवड्याला तीन रील हे खरंच काम आहे. त्याला ६,००० जास्त नाहीत. त्यासाठी मात्र पासवर्डची ओळ, फॉलोअर्स-रिव्ह्यूंची वचनं आणि पीडीएफ काढून टाकावी लागेल, आणि त्याऐवजी तिने केलेल्या दोन-तीन रीलच्या लिंक द्याव्या लागतील. अजून कुणाचं काम केलेलं नसेल तर आईच्या साडीच्या ब्लाउजचं करावं, पण ‘नमुना’ असं लिहून.

अक्कलकोट रोडच्या बाजूला युनिफॉर्मचे कारखानदार आहेत, त्यांना दोन्ही मसुदे पाठवू नयेत. त्यांचं गिऱ्हाईक शाळा आणि व्यापारी असतात. त्यांना कापडाचे नमुने, साइझचा तक्ता आणि दराची यादी नीट मांडून देणारं कुणी हवं असतं. तो मेल वेगळा, तिसराच.

आणि ज्या दुकानाच्या पाटीवर ईमेल नाही, त्यांचा पत्ता इकडून तिकडून शोधत बसण्यापेक्षा दुपारी अडीच-तीनला, जेव्हा मशीन चालू असतात पण काउंटर रिकामा असतो, तेव्हा सरळ जावं. संध्याकाळी सहाला गेलात तर मापं चालू असतात आणि तुम्ही मध्ये उभे राहता. काउंटरवर बाई असतील तर ताई किंवा काकू, मास्टर असतील तर काका. मेलमध्ये मात्र नुसतं ‘नमस्कार’ बरं, कारण उघडणारा कोण ते माहीत नसतं.

उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी: ‘रविवारची वेळ अजून तशीच दिसतेय. मंगळवारी त्या बाजूला येणार आहे, थांबू का?’ त्यालाही उत्तर नाही आलं तर तिसरा मेल पाठवू नये. गूगल मॅपवर ‘बदल सुचवा’ असा पर्याय सगळ्यांना असतो. तिथून तिने रविवारची वेळ तेवढी सुचवून टाकावी आणि पुढच्या दुकानाकडे वळावं.